मदत हवी आहे: वार्तापत्राच्या पोस्टमध्ये किती सांगावं?

नमस्कार मंडळी. फोंड्याहून आम्ही परसबागेवर मराठी वार्तापत्र काढतो. नव्या अंकाची पोस्ट आधी अशी होती: ‘नवा अंक आला! भिरंडाची सोलं, पावसाळी भाजी, खतं आणि बरंच काही. जरूर वाचा.’

यात वाचणाऱ्याच्या हाती नेमकं काय लागणार, हेच कळत नाही. म्हणून बाकीचे विषय गाळून सोलांचा, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या सालींचा, एकच ठेवला:

‘पाऊस तोंडावर आलाय आणि सोलं अजून ओलसर आहेत? बरणीत भरण्याआधी ती पुरती वाळलीत का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते वाचा. म्हणजे बुरशी धरणार नाही.’

अडचण अशी की फेसबुकवर लांब मजकूर दुमडला जातो, म्हणून पहिली ओळ तरी प्रश्नाची ठेवली. लिंकही मुखपृष्ठाऐवजी थेट त्या लेखावर नेली, नाहीतर माणूस शोधत बसतो आणि परत जातो.

आता अडलंय ते इथे. ओळखायच्या तीन खुणांपैकी एक पोस्टमध्येच सांगून टाकावी का? सांगितली तर विश्वास बसेल असं मला वाटतं, पण तेवढ्यावरच भागून लिंक कोणी उघडणार नाही, अशी भीतीही आहे. तुम्ही काय करता? दुरुस्त केलेली ओळच लिहून दिलीत तर फार बरं होईल.