मदत हवी आहे: एकच गुडघा सुजतो, रिपोर्टात पीव्हीएनएस की कॉन्ड्रोमॅटोसिस असं लिहिलंय (सोलापूर)

विडीघरकुल
धाकट्या भावाचा डावा गुडघा बरेच दिवस सुजलेला आहे. दोनदा पाणी काढलं, परत भरलं. आता एमआरआय केला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय, 'पीव्हीएनएस, डीडी सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस, क्लिनिकली कोरिलेट करावे'. डीडी म्हणजे दुसरी शक्यता म्हणे. इथले डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात दुर्बिणीने सायनोव्हेक्टमी, म्हणजे सांध्याचं आतलं अस्तर काढणं, करून टाकू. नेमकं दोन्हीपैकी काय आहे आणि करून टाकावं का? गुरुवारी डिपॉझिट भरायचंय, लवकर सांगा.

काळापांढरा
वय किती? मार लागला होता का? काढलेलं पाणी कोणत्या रंगाचं होतं? साधा एक्सरे काढलाय का? आणि रिपोर्टचं शेवटचं वाक्य नको, मधला परिच्छेद टाका.

नवीपेठवाले
एकाच सांध्याची सूज, पाणी परत परत भरतंय, तरुण मुलगा. आपल्याकडे हा टीबीच निघतो. टीबीची औषधं, एकेटी, सुरू करा, दोन महिन्यांत फरक दिसेल. ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका.

विडीघरकुल
वय २४. मार वगैरे काही नाही. एक्सरे काढलाच नाही, थेट एमआरआय सांगितला. पाणी दोन्ही वेळा तांबूस तपकिरी होतं म्हणतो, दुसऱ्या वेळी त्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शनही दिलं होतं. मधला परिच्छेद असा: सुप्रापटेलर पाउचपासून मागच्या रिसेसपर्यंत जाड, गाठीगाठींचं सायनोव्हियम, पीसीएलच्या मागे आणि बेकर्स सिस्टमध्येही तेच, टी-१ आणि टी-२ दोन्हीत काळं, GRE वर ब्लूमिंग. कार्टिलेज शाबूत.

काळापांढरा
पाण्याचा रंग आधीच सांगायला हवा होता राव, अर्धं उत्तर त्यात आहे. मार न लागता पुन्हा पुन्हा तपकिरी पाणी निघतं म्हणजे सांध्यात जुनं रक्त साठतंय. पीव्हीएनएस म्हणजे सायनोव्हियमची, सांध्याच्या अस्तराची, बिनाइन गाठ. तिच्यात सायनोव्हियममधून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं आणि त्यातलं लोह हिमोसिडेरिन होऊन तिथेच मुरतं. लोहामुळे तो भाग टी-१ आणि टी-२ दोन्हीत काळा दिसतो. GRE या एमआरआयच्या सिरीजवर तो काळेपणा खऱ्या आकारापेक्षाही मोठा पसरतो, त्याला ब्लूमिंग म्हणतात.

आता रिपोर्टात कॉन्ड्रोमॅटोसिस कशाला आलं? त्यात सायनोव्हियम कूर्चेच्या गोळ्या तयार करतं, त्यांत कॅल्शियम धरतं, आणि कॅल्शियमही GRE वर असाच काळा फुलतो. एमआरआयवर लोह आणि कॅल्शियम यांत गल्लत होते. ती सोडवायला साधा एक्सरे पुरतो, समोरून आणि बाजूने, दोन व्ह्यू. लोह एक्सरेवर दिसत नाही, कॅल्शियम दिसतं. कॉन्ड्रोमॅटोसिसच्या गोळ्या बहुतेक रुग्णांत कॅल्सिफाय झालेल्या असतात, जवळपास एका मापाच्या, कडेला रिंग असलेल्या. ज्यांच्यात कॅल्शियम धरलेलं नसतं त्यांचा एक्सरे कोरा येतो हे खरं, पण मग त्या गोळ्या कूर्चेच्या असल्यामुळे टी-२ वर पांढऱ्या चमकायला हव्यात. तुमच्याकडे टी-२ वर सगळं काळं आहे. एक्सरे कोरा आला तर माझं मत पीव्हीएनएस, आणि तेही डिफ्यूज, म्हणजे सांधाभर पसरलेलं.

सीडी कॉम्प्युटरवर उघडा. डावीकडे सिरीजची यादी दिसेल, त्यात T2* किंवा GRE लिहिलेली सिरीज घ्या. साजिटलमध्ये, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या चित्रांत, गुडघ्याच्या मागच्या बाजूला, पीसीएल या मागच्या लिगामेंटच्या पाठीमागे काळा थर किती खाली उतरलाय ते पाहा. पुढचा निर्णय त्यावर आहे.

टाकेतज्ज्ञ
ऑपरेशनच्या गोष्टी करण्याआधी एपीटीटी केलाय का? चोवीस वर्षांचा मुलगा, मार न लागता गुडघ्यात रक्त, एमआरआयवर ब्लूमिंग. सौम्य हिमोफिलियाचा गुडघाही हुबेहूब असाच दिसतो. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायच्या साध्या तपासण्या आहेत. एपीटीटी वाढलेला आला तर फॅक्टर आठ आणि नऊ तपासल्याशिवाय त्या गुडघ्याला कोणी हात लावू नये. लहानपणी दात काढताना किंवा सुंतेच्या वेळी रक्त थांबत नव्हतं का, मामाकडे कुणाला असा त्रास आहे का, हेही घरी विचारा.

नवीपेठवाले
टीबीवर कोणीच बोलत नाही. ऑपरेशन करून टाके पडल्यावर टीबी निघाला तर?

टाकेतज्ज्ञ
टीबीचा विचार करायलाच हवा, पण अंदाजाने एकेटी नको. टीबीच्या सायनोव्हियमला सहसा असं ब्लूमिंग येत नाही. आणि पीव्हीएनएसवर एकेटीचा काहीच परिणाम होत नाही, ते काही महिने गाठ हाड पोखरत राहते. उत्तर टिश्यूतूनच मिळेल. टिश्यू दोन बाटल्यांत गेला पाहिजे. एक फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, दुसरी नुसत्या सलाइनमध्ये, सीबीनॅट या टीबीच्या जंतूंच्या तपासणीला आणि टीबी कल्चरला. बरेचदा सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही आणि टीबीची शंका लटकत राहते. नातेवाइकाच्या हातात बाटल्या देतात तेव्हा लेबल बघून घ्या.

सुनंदाताई_६१
माझ्या मिस्टरांच्या कोपरातून अशाच गोळ्या काढल्या, साबुदाण्यासारख्या, डिशभर निघाल्या. हात सरळ होत नव्हता, आता होतो. काळजी करू नका. गुडघा बदलायची वेळ आली तरी हल्ली चांगले इम्प्लांट मिळतात.

काळापांढरा
ताई, ते कॉन्ड्रोमॅटोसिस होतं. तिथे सुट्या गोळ्या काढल्या की अडकणं थांबतं, पण सायनोव्हियम अजून नव्या गोळ्या तयार करत असेल तर त्या परत येतात. सायनोव्हियम थंड झालेलं असेल तर नुसत्या गोळ्या काढून भागतं. ते सरसकट काढावं की नाही यावर सर्जनांचं एकमत नाही. इथे गुडघा बदलायचा प्रश्नच नाही, कार्टिलेज शाबूत आहे.

विडीघरकुल
आज एक्सरे काढला. गोळ्या वगैरे काही नाही, जॉइंट स्पेस ठीक लिहिलंय. एपीटीटी नॉर्मल. सीडी पाहिली, मागे काळं आहे, पीसीएलच्या मागून खाली थोडं उतरलंय. मग दुर्बिणीने करून टाकावं ना?

टाकेतज्ज्ञ
'दुर्बिणीने करू' यात ते नक्की कुठवर जाणार आहेत हे कळत नाही. तुमच्या सर्जनना एकच प्रश्न विचारा: मागच्या भागाचं काय करणार?

समोरच्या दोन नेहमीच्या छिद्रांतून सुप्रापटेलर पाउच, दोन्ही बाजूंचे गटर, क्रुसिएटभोवतीचा भाग आणि मेनिस्कसखालचा थर काढता येतो. मागची रिसेस, म्हणजे सांध्याचा मागचा कप्पा, तिथून नीट दिसतच नाही. तिथे पोचायला मागच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने वेगळी छिद्रं लागतात. गुडघा काटकोनात वाकवून ठेवतात म्हणजे पॉप्लिटियल रक्तवाहिन्या थोड्या लांब जातात. बाहेरच्या बाजूला कॉमन पेरोनियल नर्व्ह असते, तिला धक्का बसला तर पाऊल लुळं पडतं. हा हात रोज करणाऱ्याचाच हवा. पुढचं साफ करून मागचं ठेवलं तर तो उरलेला आजारच आहे, आणि सहा-आठ महिन्यांनी 'परत आला' म्हणून तोच समोर येतो.

गुरुवारपेठ_ऑर्थो
मागून दुर्बीण घालण्याचा अट्टहास कशाला? बेकर्स सिस्टमध्ये, म्हणजे गुडघ्यामागच्या पाण्याच्या पिशवीत, आणि पीसीएलच्या खाली उतरलंय म्हणजे सांध्याच्या बाहेर आलंय. पालथं झोपवून मागून उघडून काढा, डोळ्यांसमोर रक्तवाहिन्या बाजूला घेऊन. समोरचं दुर्बिणीने. एकाच भुलीत दोन्ही होतं, फक्त मध्ये पेशंट उलटा करून परत ड्रेप करावा लागतो.

टाकेतज्ज्ञ
सिस्टमधल्या भागासाठी मान्य. पण फक्त रिसेसमध्ये असेल तर उघडायची गरज नाही, जखम मोठी आणि गुडघा जास्त आखडतो. सीडी न पाहता यावर भांडण्यात अर्थ नाही.

गुरुवारपेठ_ऑर्थो
आखडतो तो फिजिओ न केल्यामुळे.

वाकवा_सरळ_करा
इतकं सोपं नाही. पुढून आणि मागून दोन्हीकडून सायनोव्हियम काढलेला गुडघा आत सगळीकडे खरवडलेला असतो. ड्रेन साधारण दुसऱ्या दिवशी निघतो, वाकवणं त्याच्या आसपासच सुरू व्हायला हवं. 'टाके निघेपर्यंत सरळ ठेवा' असं सांगून घरी पाठवलेला पेशंट पुढे भारी पडतो. दोन आठवड्यांत काटकोनाच्या जवळ आणायचं. सहा आठवड्यांनीही नव्वद अंश येत नसेल तर भूल देऊन वाकवायचा विषय निघतो. आणि वाकवण्याच्या नादात पूर्ण सरळ करणं विसरतात. पाच-दहा अंश सरळ व्हायचा राहिला की चाल कायम लंगडी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा मोकळा सोडायचा, दिवसातून चार-पाच वेळा, दहा दहा मिनिटं. उशी गुडघ्याखाली अजिबात नको.

भैय्याचौक
त्यापेक्षा रेडिएशन घ्या ना, मागचं सगळं जळून जाईल. शिवाय अमेरिकेत गोळीही आली आहे.

टाकेतज्ज्ञ
चोवीस वर्षांच्या मुलाला, बिनाइन आजारासाठी, पहिल्याच फटक्यात रेडिएशन? पुढे त्याच जागी सार्कोमाचा धोका थोडा का होईना असतो, त्वचा आणि सांधा आखडतो ते वेगळं. परत परत उगवलं किंवा काढताच आलं नाही तर विचार करायचा. गोळीचं म्हणाल तर पेक्सिडार्टिनिबला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, यकृतावरच्या परिणामांमुळे ती कडक देखरेखीखालीच द्यायची अट होती. युरोपने २०२० मध्ये नाकारली. विमसेल्टिनिब ही दुसरी गोळी अमेरिकेत २०२५ मध्ये आली. या गोळ्या ऑपरेशनने भागणार नाही त्यांच्यासाठी आहेत.

काळापांढरा
ऑपरेशननंतरचा एमआरआयही आत्ताच ठरवून ठेवा. लगेच केला तर ऑपरेशनचं रक्त GRE वर काळं दिसतं आणि उगाच घबराट होते. तीन ते सहा महिन्यांनी एक बेसलाइन, मग वर्षाला एक, आणि शक्यतो त्याच मशीनवर त्याच सिरीज. GRE नसलेला फॉलोअप एमआरआय पैसे वाया घालवणारा.

विडीघरकुल
विचारलं. म्हणाले आधी पुढचं करू, मागचं नंतर बघू. डिपॉझिट भरलं नाही. पुण्याला सीडी घेऊन जातोय, हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. नवीपेठवाले, टीबीचं तिथेही विचारतो. मात्र खर्चाचं काय? पिवळं रेशन कार्ड आहे.

भैय्याचौक
हुतात्मा सकाळची बरी, स्टेशनवरून रिक्षावाले लुटतात, ॲपवरून करा.

गुरुवारपेठ_ऑर्थो
ज्या रुग्णालयात करणार तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे महात्मा फुले योजनेच्या माणसाला, ॲडमिट होण्याआधी भेटा. सरकारच्या या आरोग्य योजनेत मंजुरी आधी घ्यावी लागते, ऑपरेशननंतर कागद नेले तर उपयोग नाही. रेशन कार्ड, आधार, एमआरआयचा रिपोर्ट आणि आजचा एक्सरे जवळ ठेवा. सायनोव्हेक्टमी त्या रुग्णालयाच्या पॅकेजमध्ये बसते का, आणि पुढून-मागून दोन्ही धरून बसते का, हे त्यालाच विचारा.

नवीपेठवाले
दुसरी बाटली सलाइनची. विसरू नका.