दिवाळी स्टॉल: करवतकाठी साड्यांचे फोटो खरे की उचललेले?

प्रेषक: सुचेता (स्टॉल कमिटी)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या स्टॉलसाठी नागपूरहून टसरच्या करवतकाठी साड्या मागवायचं चाललंय. एका बाईंचं इन्स्टावर दुकान आहे, पत्ता गांधीबागचा दिलाय, बोलायला गोड आहेत, पण अर्धे पैसे आधी मागतायत आणि रक्कम मंडळाची आहे म्हणून मला जरा धाकधूक होतेय. त्यांनी व्हॉट्सॅपवर सात फोटो पाठवलेत, सोबत जोडलेत. हे त्यांचेच आहेत की कुठून उचललेत ते कसं कळेल?

प्रेषक: मंगेश

सुचेता, मी सातही फोटो गूगल लेन्सवर टाकून बघितले. नुसत्या तशाच दिसणाऱ्या साड्या येतात, पण हाच फोटो कुठेही नाही. म्हणजे त्यांनीच काढलेत, पैसे पाठवायला हरकत नाही. वाटलंच तर फोटोच्या डिटेल्समधे तारीख आणि कॅमेरा बघून घे, झालं.

प्रेषक: अनघा

साड्या मस्तच आहेत गं! पाच नंबरची राणी कलरमधे मिळेल का? माझी एक धर, पैसे स्टॉलवर देते.

प्रेषक: विनयकाका (धरमपेठ, नागपूर)

सुचेता, थांब बाप्पा, पैसे पाठवू नको अजून. पेपरच्या फोटो डेस्कवर आयुष्य गेलं माझं, वाचकांनी पाठवलेले पुराचे अन् अपघाताचे फोटो हेच तपासत बसायचो, म्हणून जरा लांबण लावतो.

मंगेशभाऊ, व्हॉट्सॅप फोटो दाबून लहान करतं अन् आतली तारीख-कॅमेऱ्याची माहिती पुसून टाकतं, तर डिटेल्समधे जे दिसेल ते तुमच्या फोनवर फोटो उतरला तेव्हाचं. दुसरं म्हणजे लेन्स आधी 'दिसायला सारखं' तेच पुढे करतं कारण त्याला वाटतं तुम्हाला साडी विकत घ्यायची आहे. आपल्याला साडी नको, तोच फोटो पाहिजे. त्यासाठी वर Exact matches असं येतं ते दाबायचं. अन् त्याच्याही आधी फोटो साफ करायचा. सगळ्या फोटोंवर खाली त्या बाईंच्या दुकानाचं नाव अन् फुलांची पट्टी आहे, स्क्रीनशॉटची काळी कडा आहे, ते सगळं कापून टाका अन् मग शोधा.

आता चार नंबरचा फोटो उघड, मॉडेलवाला. पदर कोणत्या खांद्यावर आहे? उजव्या! आपल्याकडे कोण असा पदर घेऊन राहिलं? गुजराती पद्धतीत उजव्यावर असतो पण तो मागून पुढे येतो, अन् इथे तर पुढून जाऊन पाठीवर सोडलाय. म्हणजे फोटो आरशासारखा उलटा केलाय. उलटा फोटो शोधणाऱ्या यंत्राला बरेचदा ओळखूच येत नाही, म्हणून चोर मंडळी पहिलं हेच करतात. मी फोनच्या गॅलरीतच एडिटमधे जाऊन तो आडवा फ्लिप केला, पट्टी कापली, अन् परत टाकला तर तोच फोटो धडाधड निघाला, तीन-चार दुकानांत, आणि सगळीकडे 'भागलपुरी टसर' म्हणून. झूम करून काठ पाहा, करवतीचे दातच नाहीत त्याला, सरळ पट्टी आहे.

मग tineye.com वर टाकला. ते सारखं-बिरखं काही दाखवत नाही, तोच फोटो, कापलेला असो की रंग बदललेला, तेवढंच शोधतं. तिथे Oldest लावलं तर 2018 सालची एक नोंद वर आली, अन् त्या फोटोत मॉडेलच्या पायाखालच्या पायऱ्यासुद्धा दिसतात. बाईंच्या फोटोत कमरेखालचं काहीच नाही. नक्कल करणारा फोटो कापू शकतो पण न काढलेल्या पायऱ्या आणणार कुठून? त्या 2018 वर मात्र फार विसंबू नका, ते त्यांच्या यंत्राला पान सापडलं तेव्हाचं साल आहे, फोटो त्याच्याही आधीचा असू शकतो.

प्रेषक: शुभांगी

काका, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. भाचीसाठी एक स्थळ आलंय, मुलगा मूळचा महालातला, आता म्हणे जर्मनीत असतो. फोटो लेन्सवर टाकला तर फक्त निळे शर्टच शर्ट आले, मुलगा कुठेच नाही. मग प्रोफाइल खरं धरायचं का?

प्रेषक: विनयकाका

नाही ना शुभांगीताई, यावरून काहीच धरता येत नाही. गूगल मुद्दाम चेहऱ्यावरून माणूस शोधून देत नाही, म्हणून तुम्हाला शर्ट दाखवून राहिलं. टिनआयही चेहरा ओळखत नाही. अन् फोटो जर कोणाच्या बंद इन्स्टा खात्यातून नाहीतर फेसबुकवरून उचलला असेल तर ही यंत्रं तिथे पोचतच नाहीत. शिवाय आता तर जगात नसलेल्या माणसाचाही चेहरा कॉम्प्युटर बनवून देतो, तो शोधून कुठे सापडणार?

माणूस कापून टाका अन् मागचं शोधा. मागे चौक, दुकानाची पाटी, पूल असं काही असेल तर गाव तरी कळतं, जर्मनी म्हणतो अन् पाटी थाई भाषेत असली की विचारायला बरं. चेहऱ्यासाठी यांडेक्स जास्त चालतं, पण

प्रेषक: मंगेश

काका तुमचा मेल अर्धाच आला. पण यांडेक्स रशियन आहे, लोकांच्या पोराचे फोटो तिथे टाकणं मला पटत नाही.

प्रेषक: विनयकाका

बोट लागलं अन् मेल गेला. तेच लिहून राहिलो होतो, ज्याचं त्याने ठरवावं. मी बातमीसाठी वापरायचो, स्थळासाठी वापरलं असतं की नाही माहीत नाही. त्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावा.

प्रेषक: सुचेता

काकांनी सांगितलं तसं मी बाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या मॉडेलचा फोटो फक्त लुक यावा म्हणून नेटवरून घेतलाय, सगळेच करतात. तीन आणि सहा नंबरचे फोटोही सापडले, पण ते एका विणकर संस्थेच्या पानावर, आणि बाई म्हणतात माल तिथूनच येतो. आता हे खरं असेल तर फोटो तिथे सापडणारच ना? एक, दोन आणि सात कुठेच नाहीत.

प्रेषक: विनयकाका

बरोबर, एजंट असेल तर कॅटलॉगचाच फोटो देणार, त्यात लबाडी नाही. पण मग त्या संस्थेला फोन करून विचारायचं, बाईंनी दिलेल्या नंबरवर नाही, संस्थेच्या पानावरच्या. एक अन् दोनमधे फरशी तीच आहे, तिचा तडा गेलेला कोपराही तोच, म्हणजे एकाच घरात काढलेत. ते त्यांचे असतीलही. सातबद्दल मी काही बोलत नाही.

बाईंना सांग, एक नंबरची साडी उलटी करून काठावर स्टीलचा चमचा ठेवा अन् तसा फोटो पाठवा. चमच्याचा फोटो काही नेटवर तयार मिळत नाही, अन् काठ नुसता छापलेला असेल तर मागून फिका दिसेल, विणलेला असेल तर दोन्हीकडून दात दिसतील.

प्रेषक: सुचेता

चमच्याचा फोटो आला! एक आणि दोन दोन्हीचा, दात मागूनही दिसतायत. बाकीच्या विणकराकडे आहेत म्हणे, चार दिवस लागतील. कमिटीत दोन तट पडलेत, मंगेश म्हणतो आता द्या पैसे, मी म्हणते या दोनच आधी मागवू. संस्थेचा फोन कोणी उचलत नाहीये. अनघा, पाच नंबरचं अजून काहीच कळलेलं नाही, थांब जरा.

प्रेषक: विनयकाका

दुकानाचा पूर्ण पत्ता पाठव. परवा इतवारीत जायचंच आहे, गांधीबागेत डोकावून येतो.