मदत हवी आहे: जर्मनीतल्या टॅक्सचं क्रेडिट, कॅलेंडर वर्ष आणि आपलं आर्थिक वर्ष जुळत नाहीये

मी ऑगस्ट २०२४ पर्यंत जर्मनीत जॉबला होतो, सप्टेंबरपासून पुण्यात, त्यामुळे २०२४-२५ साठी भारतात रेसिडेंट धरला जातो (आरएनओआर नाही, तपासलंय) आणि एप्रिल ते ऑगस्टचा तिकडचा पगारही इथे दाखवावा लागतोय. मित्र म्हणतो भारत-जर्मनी दुहेरी कर टाळण्याच्या करारात सूट आहे, दाखवूच नको. पण कलम २३ वाचलं तर सूट जर्मनी देतं, तिच्या रहिवाशांच्या भारतातल्या काही उत्पन्नाला, आणि तेही दर ठरवताना धरून. भारत सूट नाही, क्रेडिट देतो, म्हणजे उत्पन्न इथे मोजायचं आणि तिकडे भरलेला टॅक्स वजा करायचा, तोही त्या उत्पन्नावरच्या इथल्या टॅक्सपुरताच, वरचा गेला.

अडचण अशी की जर्मनीचं वर्ष जानेवारी-डिसेंबर. आठ महिन्यांत पगारातून ८,००० युरो कापले, रिटर्न भरल्यावर फायनल टॅक्स ७,२०० निघाला, ८०० परत आले. सॅलरी स्लिपवर महिन्याची कपात आहे, पण असेसमेंटचा कागद एकच, सगळ्या आठ महिन्यांचा. जाने-मार्चच्या पगाराशी इथे संबंध नाही, तेव्हा मी नॉन-रेसिडेंट होतो. सोशल सिक्युरिटी यात धरलेली नाही, तो टॅक्स नाही हे माहितेय.

पगार दर महिन्याला सारखाच होता, मग फॉर्म ६७ मध्ये ७,२०० चे पाच अष्टमांश म्हणजे ४,५०० युरो दाखवायचे, की स्लिपवरचे पाच महिन्यांचे ५,००० दाखवून रिफंडचा वाटा वजा करायचा? आणि पुरावा म्हणून असेसमेंट आणि स्लिपा दोन्ही जोडल्या तर चालतं का, कोणी प्रत्यक्ष केलंय?