विषय: गणपतीचा हॉल, छताचे फोटो. यातला धुराचा डिटेक्टर कुठला?

निखिल:
मंडळी, तीन फोटो जोडलेत. १ हॉलच्या मधोमध, २ किचनमध्ये ओट्याच्या वर, ३ बॉयलरच्या कपाटाशेजारी भिंतीवर. केअरटेकर फक्त "नो स्मोक" म्हणतो. पाडव्यासारखी फजिती नको. धूप, कापूर आणि मोदकांची वाफ यांनी नक्की कुठला बोंबलेल? शुक्रवारपर्यंत त्याला कळवायचंय.

शैलजा:
पाडव्याला धूप नव्हताच. पुऱ्या तळल्या होत्या आणि किचनचं दार कोणी उघडं टाकलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या हॉलमध्ये आम्ही दरवर्षी शॉवर कॅप चढवायचो, कधी काही झालं नाही.

विद्याधर:
शैलजाताई, कॅप नको. उतरवायची राहिली तर पॅनेलवर काही कळत नाही आणि हॉल आंधळाच राहतो.

निखिल, १ च्या कडेने आडवी फट आहे आणि फटीत काळी बारीक जाळी दिसते, म्हणजे धुराचा. आत काळोखा कप्पा असतो. एलईडीचा प्रकाश एरवी सेन्सरवर पडत नाही, कण शिरले की विखरून पडतो. कण कापराच्या काजळीचे की वाफेच्या थेंबांचे हे साध्या डिटेक्टरला कळत नाही. पाडव्याला दार उघडं राहिल्यावर हाच वाजला असणार.

२ ला जाळी नाही. खाली उघडा पिंजरा आणि मधोमध मण्यासारखा दाणा लोंबतोय. तो उष्णतेचा, धूर कितीही झाला तरी ढिम्म. नेहमीचा ए-१ वर्गाचा असेल तर ५४ ते ६५ अंशांच्या दरम्यान वाजतो. मात्र मोदकपात्र त्याच्या बरोबर खाली ठेवून झाकण उघडलंत तर वाफेचा लोट थेट दाण्यावर जाईल. पात्र खिडकीकडच्या शेगडीवर ठेवा.

वसंत:
विद्याधर, ३ बद्दल कोणी बोलत नाही. तो कार्बन मोनॉक्साइडचा नसणार. तो वायू जड, खाली बसतो. इतक्या उंचीवर कोण लावेल?

विद्याधर:
काका, जड तो डायऑक्साइड आणि सिलिंडरचा गॅस. मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, त्यामुळे खोलीभर मिसळतो. ३ वर फट नाही, जाळी नाही, तोंडावर चार बारीक भोकं आणि बाजूला "या तारखेपर्यंत बदला" असं लेबल आहे. आत रासायनिक सेल असतो, तो काही वर्षांत संपतो, म्हणून ती तारीख. त्याला धूर दिसत नाही आणि उष्णताही कळत नाही.

अश्विनी:
आमच्या जिन्यावरचा रात्री दोनला मिनिटाला एकदा टुक् करतो. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून सगळे एकमेकांना जोडलेले लागतात म्हणून बसवले. कोणाला माहीत आहे का, बॅटरीच की आणखी काही?

शैलजा:
अश्विनी, त्याचा वेगळा धागा काढ. निखिल, मोदकपात्र कुठे ठेवायचं ते किचन कमिटी ठरवेल, लिस्टवर नको.

विद्याधर:
अश्विनी, आधी मागचं लेबल बघ. मुदत संपली असेल तर बॅटरी बदलूनही टुकटुक थांबणार नाही.

आता धुपाबद्दल. गेल्या वर्षी आरती झाल्यावर निखाऱ्यांचं धुपाटणं बॉयलरच्या कपाटाशेजारच्या खोलीत "निवायला" ठेवलं होतं. निखाऱ्यांचा धूर थांबतो, मोनॉक्साइड थांबत नाही. अशा वेळी १ आणि २ दोन्ही गप्प बसतील, कारण कण नाहीत आणि छत गरम नाही. ३ सुद्धा लगेच वाजत नाही. दशलक्षात ५० भाग असतील तर तासाभराने, ३०० भाग असतील तर तीन मिनिटांच्या आत. म्हणजे आरतीत वाजणार नाही, बंद खोलीत राहिलं तर वाजेल, आणि तेव्हा वाजलाच पाहिजे. धुपाटणं थेट अंगणात न्या, पाणी ओता.

वसंत:
म्हणजे धूप करायचाच नाही? चाळीस वर्षं करतोय.

विद्याधर:
करा की, दारं उघडी ठेवून. केअरटेकरला सांगून हॉलचा झोन आरतीपुरता बंद करून घ्या. तेवढा वेळ एक माणूस पहाऱ्याला उभा राहू दे, आणि झोन पुन्हा चालू झालेला आपल्या डोळ्यांनी बघा.

एक शंका आहे. १ चा फोटो बरोबर खालून काढलाय. त्याच साच्यात धूर, उष्णता आणि मोनॉक्साइड तिन्ही ओळखणारेही येतात. फटीआड मधोमध दाणाही असेल तर तो मिश्र, आणि तसा असेल तर वाफेला इतक्या सहज फसणार नाही. खालून ते दिसत नाही. बाजूने, टॉर्च तिरका धरून फोटो काढ. खाचेत ईएन ५४-७ दिसलं तर धूर, ५४-५ उष्णता, ५४-२६ मोनॉक्साइड. एकाच लेबलवर दोन-तीन आकडेही असू शकतात.

निखिल:
शिडी लागेल. हॉलची शिडी वापरायला केअरटेकर देत नाही. कोणाकडे आहे?

शैलजा:
शिडी माझ्याकडे आहे, पण पाडव्याला नेलेली टेबलं आधी परत करा.