मदत हवी आहे : नातेसंबंधाच्या एकाच कोड्यातून दोन वंशवृक्ष निघत आहेत

गोदाकाठची_विद्यार्थिनी (धागाकर्ती):
नमस्कार. मी नाशिकला पंचवटीत राहून तलाठी भरतीची तयारी करीत आहे. अभ्यासिकेत सोडविलेल्या सरावसंचातील एका प्रश्नावर माझे आणि मैत्रिणीचे दोन दिवस एकमत होत नाही, म्हणून तो येथे जसाच्या तसा देत आहे.

"एका कुटुंबात सात व्यक्ती, तीन पिढ्या आणि दोन विवाहित जोडपी असून स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा एकाने अधिक आहे. रेखा ही मालतीची सून आहे. ओवी ही गिरीशच्या मुलाची एकुलती एक बहीण आहे. आर्यनच्या वडिलांचे वडील वसंत आहेत. किरण हे गिरीशचे अविवाहित भावंड आहे. (१) किरण ओवीचे कोण? (२) मालती किरणची कोण?"

उत्तरसूचीत (१) आत्या आणि (२) आई असे दिले आहे. मैत्रिणीच्या आकृतीत मालती सर्वांत वरच्या ओळीत येते, तर माझ्या आकृतीत ती मधल्या ओळीत येते, आणि कितीही वेळा पडताळले तरी माझ्या आकृतीत एकही विधान मोडत नाही. माझे नेमके कोठे चुकत आहे?

भरतीवीर:
मैत्रिणीची आकृती बरोबर आहे. सून नेहमी मधल्या पिढीत असते आणि सासू तिच्या वरच्या पिढीत, त्यामुळे वसंत आणि मालती हे जोडपे उघडच आहे. परंतु पहिले उत्तर मात्र सूचीत चुकलेले दिसते, कारण किरण हे मुलाचे नाव असल्यामुळे तो ओवीचा काका ठरतो. आमच्या वर्गात तीन किरण होते आणि तिघेही मुलगेच होते.

सिडको_निवासी:
ताई, तुम्हांला वंशावळ जात पडताळणीसाठी हवी असल्यास ती वडिलांच्या बाजूनेच काढावी लागते, आईकडचे नातेवाईक त्यात चालत नाहीत. जुनी नावे मिळत नसतील तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडील नामावळ्यांत पाहावे. आमच्या पणजोबांचे नाव आम्हांला तेथेच सापडले होते.

गोदाकाठची_विद्यार्थिनी:
आभारी आहे, पण हा प्रश्न परीक्षेतील कोड्याचा आहे, आमच्या घराण्याचा नाही.

पाटी_पेन्सिल:
धागाकर्तीचे काहीही चुकलेले नाही. मी काही वर्षे बुद्धिमापन शिकवीत आहे आणि या कोड्यातला खड्डा माझ्या ओळखीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एकदम पूर्ण झाड काढायला घेऊ नये. प्रत्येक विधानाचा स्वतंत्र तुकडा काढावा आणि ज्या व्यक्तीचा उल्लेख आहे पण नाव दिलेले नाही, तिच्यासाठी रिकामा चौकोन सोडावा. पुरुषापुढे अधिक, स्त्रीपुढे उणे, लिंग ठाऊक नसल्यास प्रश्नचिन्ह, विवाहासाठी बरोबरचे चिन्ह, भावंडांसाठी आडवी रेघ आणि पिढीसाठी उभी रेघ, एवढ्या खुणा पुरतात. मराठीत "आर्यनच्या वडिलांचे वडील" हे वाक्य आर्यनपासूनच सुरू होत असल्यामुळे डावीकडून वाचत वाचत काढत गेले, की उलटसुलट होण्याची भीती राहत नाही.

आता "रेखा ही मालतीची सून" याचा तुकडा पाहा. मालतीच्या खाली एक रिकामा चौकोन येतो आणि त्या चौकोनाशी रेखा विवाहित आहे. सगळा गुंता या एका चौकोनात आहे, कारण मालतीच्या मुलाचे नाव कोड्यात कोठेही दिलेले नाही. उरलेल्या तीन तुकड्यांतून मात्र एकच साखळी बनते. गिरीशचा मुलगा या सातांतील असेल तर तो आर्यनच असू शकतो, म्हणून वसंत, त्याखाली गिरीश आणि किरण, आणि गिरीशखाली आर्यन व ओवी. आता रिकाम्या चौकोनात कोण बसू शकतो ते तपासू. किरण अविवाहित आहे, आणि वसंतला मालतीचा मुलगा मानले तर चार पिढ्या होतात. गिरीश आणि आर्यन हे दोघे उरतात, आणि दोघेही बसतात:

```
पहिले झाड
वसंत+ = मालती−
       |
किरण? — गिरीश+ = रेखा−
              |
        आर्यन+ — ओवी−

दुसरे झाड
वसंत+
  |
किरण? — गिरीश+ = मालती−
              |
        ओवी− — आर्यन+ = रेखा−
```

दोन्ही झाडांत सात माणसे, तीन पिढ्या आणि दोन जोडपी आहेत. भरतीवीर, सून मधल्याच पिढीत असली पाहिजे असे बंधन कोड्यात नाही. ती सासूच्या एक पायरी खाली असते, एवढेच खरे. दुसऱ्या झाडात रेखा तिसऱ्या पिढीतली सून आहे.

आता लिंगाचे. किरण सोडल्यास वसंत, गिरीश, आर्यन हे तीन पुरुष आणि मालती, रेखा, ओवी या तीन स्त्रिया आहेत. सातांत स्त्रिया एकाने अधिक म्हणजे चार, म्हणून किरण स्त्रीच आहे. "भावंड" हा शब्द मुद्दाम लिंग लपविण्यासाठी वापरलेला आहे आणि नावही दोन्हीकडे चालणारे निवडले आहे. त्यामुळे नावावरून नव्हे, तर संख्येवरून निर्णय घ्यावा लागतो. किरण गिरीशची बहीण आणि ओवी गिरीशची मुलगी ही नाती दोन्ही झाडांत तीच राहतात, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर "आत्या" हे पक्के आहे. दुसऱ्या प्रश्नात मात्र पहिल्या झाडानुसार मालती किरणची आई आहे आणि दुसऱ्या झाडानुसार वहिनी. कोडे जसे छापले आहे, तसे ते या प्रश्नाचे एकच उत्तर देऊ शकत नाही.

भरतीवीर:
संख्येचे विधान माझ्याकडून वाचायचेच राहिले, काका हे उत्तर मी मागे घेतो. पण दुसऱ्या झाडात वसंत एकटाच राहतो. कोडे रचणाऱ्याच्या मनात असे नक्कीच नसणार.

पाटी_पेन्सिल:
मनात नसेलच, त्याला दुसरे झाड दिसलेच नसावे, असे मलाही वाटते. परंतु वसंतची पत्नी या सातांत आहे असे त्याने कोठे लिहिले आहे? आपण न लिहिलेली रेघ ओढली आहे की नाही, हे कळण्यासाठी मी विद्यार्थ्यांना दिलेल्या रेघा पेनाने आणि स्वतः जोडलेल्या रेघा पेन्सिलीने काढायला सांगतो. पहिल्या झाडात वसंत आणि मालती यांच्यामधले बरोबरचे चिन्ह पेन्सिलीचे आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्याच चिन्हावर उभे आहे. अशा वेळी रिकाम्या चौकोनात दुसरे नाव बसते का, हे एकदा पाहावेच लागते. "मालतीला दोन नातवंडे आहेत" एवढे एक विधान जोडले असते तर दुसरे झाड पडले असते, कारण त्यात मालतीला या सातांत नातवंडच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे चार पर्याय कोणते होते?

गोदाकाठची_विद्यार्थिनी:
आई, मावशी, बहीण आणि सासू.

पाटी_पेन्सिल:
मग परीक्षेपुरते "आई" लिहावे, कारण "वहिनी" पर्यायांतच नाही. पर्याय पाहून झाड निवडणे मला आवडत नाही, पण घड्याळ चालू असताना तेच शहाणपणाचे आहे.

सिडको_निवासी:
आधीच्या गैरसमजाबद्दल क्षमस्व. पण एक शंका आहे. आमच्याकडे दिराच्या मुलाच्या बायकोलाही काकू सूनच म्हणते. तसे धरले तर मालती किरणची काकूसुद्धा होईल ना?

पाटी_पेन्सिल:
बोलण्यात म्हणतात, हे खरे आहे. परीक्षेत मात्र सून म्हणजे मुलाचीच बायको धरावी. शिवाय तुमच्या अर्थाने मालतीचा नवरा वसंतचा भाऊ असावा लागेल, आणि तो या सातांत कोठेच नाही, त्यामुळे दोन जोडपी पूर्ण होणार नाहीत.

गोदाकाठची_विद्यार्थिनी:
सर्वांचे आभार. मैत्रिणीने आता त्याच संचाची जुनी आवृत्ती आणून दाखविली. त्यात कोडे अक्षरशः हेच आहे, परंतु दुसऱ्या प्रश्नात "मावशी"च्या जागी "भावजय" हा पर्याय छापलेला आहे आणि उत्तर तरीही "आई" असेच दिले आहे.

पाटी_पेन्सिल:
तसे असेल तर जुन्या आवृत्तीत आई आणि भावजय हे दोन्ही पर्याय बरोबर ठरतात. पर्याय बदलला आहे, म्हणजे कोणीतरी हरकत घेतली असावी. पण कोडे मात्र दुरुस्त केलेले नाही.