मदत हवी आहे: भागीदारीतून बाहेर पडतोय, पत्रात देण्यांबाबत काय लिहावं?

मांजराकाठ:
नमस्कार. लातूर जिल्ह्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं-खत-औषधांचं. आम्ही तिघे समान भागीदार, फर्म नोंदणीकृत. भागीदारीला मुदत ठरलेली नाही. मला ३० सप्टेंबरला बाहेर पडायचं आहे. भांडण नाही. दोघेही 'पत्र दे, हिशोब करू' म्हणतात.

मसुद्यात मी असं लिहिलंय: "३० सप्टेंबरपासून मी निवृत्त होत आहे. माझे भांडवल परत मिळावे. यापुढे फर्मच्या कोणत्याही देण्याशी माझा संबंध राहणार नाही."

३१ मार्चला माझ्या भांडवल खात्यावर ७,२०,००० होते. त्यानंतर १ लाख उचल घेतली. अडचण उधारीची आहे. साडेचार लाखांची उधारी दोन हंगामांपासून अडकलीय. ती माझ्या रकमेतून वजा करायची असं ते म्हणतात. हे बरोबर आहे का?

बालाघाटकर:
पाचशेच्या बॉन्डवर लिहा, नोटरी करा, स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. विषय संपला. त्यानंतर कुणी तुमच्या दारात येऊ शकत नाही.

सुनीता_नांदेड:
आमच्या यांचंही असंच झालं. ट्रान्सपोर्टमध्ये दोघेच भागीदार होते, एक निघाला आणि दुसऱ्याने त्याच फर्मच्या नावाने धंदा चालू ठेवला. आता खातं कुणाचं, यावरून वाद आहे.

जुना मोंढा:
ताई, तुमचं प्रकरण वेगळं. दोघांतला एक गेला की भागीदारी उरतच नाही, फर्म विसर्जित झाल्यासारखा हिशोब लागतो. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मांजराकाठ, तुमचं तिसरं वाक्य तिघांच्या आपसात चालेल, बाहेरच्यांवर त्याचं बंधन नाही. डिस्ट्रिब्युटरचं जुनं बिल थकलं तर तो तुम्हालाही धरू शकतो. त्यातून सुटायचं तर त्याची स्वतःची कबुली लागते. म्हणून 'संबंध नाही' असं लिहू नका. लिहा: "३० सप्टेंबरपर्यंतच्या व्यवहारांतून पुढे काही देणे निघाल्यास माझा वाटा एक तृतीयांश. त्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी चालू भागीदारांची. त्यापोटी मला काही भरावे लागल्यास ते भरून देतील." आणि त्याखाली दोघांच्याही सह्या घ्या.

नोटिशीबद्दल बालाघाटकर अर्धं बरोबर सांगतायत. जाहीर नोटीस हवीच, ती होईपर्यंत नंतरच्या उधारीलाही तुम्ही भागीदार धरले जाता. पण नोंदणीकृत फर्मला नुसता पेपर पुरत नाही. फर्म निबंधकाकडे सूचना आणि राजपत्रात प्रसिद्धीही लागते.

जीएसटीचं तर नोटिशीने भागतच नाही. निवृत्तीची तारीख आयुक्तांना लेखी कळवावी लागते, तीही एका महिन्याच्या आत. चुकलात तर तुमची सूचना पोचेपर्यंतच्या कराला तुम्हीही जबाबदार. सप्टेंबरपर्यंतच्या कालावधीची मागणी दोन वर्षांनी निघाली तरी ती तुमच्यावर येतेच, आणि खातं सगळी रक्कम तुमच्या एकट्याकडूनही मागू शकतं. तेव्हा भागीदारांकडून दोन तृतीयांश परत मिळवायला वरचं कलम कामी येईल.

बालाघाटकर:
जीएसटीचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या सीएने कधी सांगितलं नाही.

मांजराकाठ:
आणि उधारी?

जुना मोंढा:
आधी ३० सप्टेंबरचा ताळेबंद पाडा, मार्चचा आकडा धरू नका. सहा महिन्यांत तुमच्या वाट्याला ६०,००० नफा आला असं धरू. ७,२०,००० अधिक ६०,०००, वजा उचल १ लाख, म्हणजे ६,८०,०००. अडकलेल्या साडेचार लाखांत तुमचा वाटा दीड लाख. सगळी साडेचार लाख तुमच्या एकट्याच्या नावावर टाकत असतील तर साफ नकार द्या. दीड लाखही कायमचे सोडू नका. ५,३०,००० आता ठरलेल्या हप्त्यांत घ्या, आणि सोयाबीन-तूर निघाल्यावर जुनी वसुली येईल तसा त्यातला एक तृतीयांश. त्या शेतकऱ्यांची नावनिहाय यादी पत्राला जोडा, नाहीतर आलेली वसुली नव्या उधारीत जमा होते आणि तुम्हाला कळतही नाही. माल मोजताना मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढा, त्यांची किंमत खरेदी भावाने धरता येत नाही.

हप्ते लांबले तर व्याज किती, तेही लिहा. करारात काही नसेल तर तुमच्या थकलेल्या हिश्श्यावर वर्षाला ६ टक्के व्याज किंवा त्या पैशाने झालेला नफा, यातलं एक तुम्हाला निवडता येतं.

आणि एक विचारतो, डिस्ट्रिब्युटरकडे तुमच्या सहीचे कोरे चेक आहेत का?

मांजराकाठ:
आहेत. दोघांकडे. शिवाय बँकेच्या कॅश क्रेडिटला माझी वैयक्तिक हमी.

जुना मोंढा:
चेकचे नंबर पत्रात घाला आणि नव्या सहीचे चेक देऊन ते परत घ्या. पहिला हप्ता घेण्याआधी हे उरका. बँकेलाही त्याच दिवशी पत्र द्या, सही बंद करा आणि त्या तारखेची बाकी लेखी मागा.

मांजराकाठ:
मॅनेजर म्हणाले, दुसरा जामीनदार आणल्याशिवाय हमी सुटणार नाही. भागीदार म्हणतात, रब्बीनंतर बघू.

सुनीता_नांदेड:
मग तारीखच पुढे ढकला की.

जुना मोंढा:
ढकलली तर रब्बीची नवी उधारीही यांच्या अंगावर येईल. मी असतो तर तारीख तीच ठेवली असती आणि यापुढची उचल माझ्या हमीवर देऊ नका असं बँकेला लेखी कळवलं असतं. आजवरची बाकी मात्र त्याने सुटत नाही, आणि तुमच्या हमीपत्रात नेमकं काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून आहे. त्याची प्रत काढून वकिलाला दाखवा.

मांजराकाठ:
सोमवारी बँकेत प्रत मागतो. काय म्हणतात ते इथेच लिहीन.