'एज्ड' चीजला मराठीत काय म्हणायचं: मुरलेलं, पिकलेलं, जुनं?

सई
एरंडवण्यातल्या एका प्रसूतिगृहाचं आहारपत्रक मराठीत नव्याने करतेय. आधीच्या अनुवादात असं होतं: 'गरोदरपणात मऊ चीज टाळावे, मुरलेले चालेल. मुरलेल्यात लॅक्टोज कमी व मीठ जास्त असते.' हे वाचून एका बाईंनी घरी केलेलं पनीर बंद केलं आणि भावाने परदेशातून आणलेलं ब्री मजेत खाल्लं, कारण ते म्हणे महिनाभर 'मुरलेलं' होतं. नेमकं उलटं झालं! 'एज्ड'ला असा शब्द हवाय की हा घोळ होणार नाही. 'पक्व' कसा वाटतो?

बापू
'पक्व' म्हणजे शिजलेलं असंही होतं, तो नकोच. मुळात 'चीज' तरी कशाला? आयुर्वेदाच्या ग्रंथांत नासवलेल्या दुधाच्या गोळ्याला 'किलाट' म्हटलंय. ताजा किलाट, जीर्ण किलाट. झालं काम.

गंधार
बापूकाका, 'जीर्ण किलाट टाळा' असं वाचून बाई डॉक्टरऐवजी वैद्यांकडे जाईल. 😀 आणि 'चीज' आपलंच आहे की. कष्टाचं होतं ते चीज, गवई गातात ती चीज आणि सँडविचमधलं ते चीज. लिंगावरून आणि संदर्भावरून मराठी माणसाला बरोबर कळतं.

शिरीष
'मुरलेलं'च ठेवा. अगदी योग्य शब्द. लोणचं मुरतं तेव्हा मीठ आत जातं आणि जंतू मरतात, तसंच हे. मला दूध पचत नाही, पण चेडार पचतं, कारण मुरताना लॅक्टोज संपतं. तेव्हा जितकं जुनं तितकं सुरक्षित, सरळ हिशेब आहे.

हेमांगी
दुग्धशाळेत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं लांबण लावते. शिरीष, तुमचा लॅक्टोजचा हिशेब बरोबर आहे, पुढचा नाही.

दुधात शेकडा पाचेक ग्रॅम लॅक्टोज असतं. दही धरून निवळी काढली की त्यातलं बहुतेक निवळीबरोबर वाहून जातं. गोळ्यात उरतं ते विरजणातले जिवाणू खातात आणि त्याचं आम्ल करतात. चेडारमध्ये हे काम पहिल्या काही आठवड्यांतच उरकतं, म्हणून शंभर ग्रॅममागे अर्धा ग्रॅमही उरत नाही. पार्मेझानमध्ये जवळजवळ शून्य. पनीरला विरजणच नाही, लिंबू पिळून लगेच दाबायचं, त्यामुळे दोन-तीन ग्रॅम तसंच राहतं. ज्यांना दूध बाधतं त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. पण पोटात गुबारा धरणं वेगळं आणि लिस्टेरिया, म्हणजे गरोदरपणात बाळाच्या जिवावर बेतू शकणारा जंतू, वेगळा. लॅक्टोज कमी आहे म्हणून लिस्टेरिया वाढत नाही, असं नाही.

त्याला अडवतात तीन गोष्टी: पाणी कमी, आम्लता जास्त, मीठ पुरेसं. पार्मेझानमध्ये तिन्ही आहेत. ब्रीसुद्धा मुरवतातच, पण त्यात निम्मं पाणी असतं, आणि वरची पांढरी बुरशी आतलं आम्ल खात जाते. म्हणजे जसजसं मुरेल तसतसं ते कमी आंबट होतं आणि लिस्टेरियाला सोयीचं होतं. तुमच्या लोणच्याच्या बरोबर उलट. शिवाय हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये ब्री, कॅमाँबेर आणि मऊ निळं चीज पाश्चरायझ केलेल्या दुधाचं असलं, तरी गरोदर बाईला न तापवता खाऊ नको म्हणतात. आतपर्यंत वाफा येईस्तो तापवलं तर चालतं.

सई
म्हणजे 'एज्ड'ला कितीही चांगला शब्द शोधला तरी उपयोग नाही? वाक्यच चुकीच्या जागी तोडलंय.

हेमांगी
हो. 'ताजं' आणि 'मुरलेलं' ही जोडी लॅक्टोजसाठी ठीक आहे. गरोदर बाईला विचारायचं ते असं: दूध पाश्चरायझ केलेलं होतं का? चीज कठीण की मऊ? वर बुरशी आहे का?

बापू
'कठीण' म्हणजे अवघडसुद्धा. 'घट्ट' म्हणा. 'पाश्चरायझ'ला 'निर्जंतुक' म्हणा.

हेमांगी
'घट्ट' घेते. 'निर्जंतुक' मात्र नाही. पाश्चरायझेशनमध्ये ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवतात. लिस्टेरिया मरतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. 'निर्जंतुक' छापलंत तर लोक पिशवी ओट्यावरच ठेवतील.

बापू
लोक काय करतील यावर शब्द ठरवायचे? मग कोश मिटून ठेवू या.

वंदनाताई
माझ्या सुनेला सातवा महिना आहे आणि तिला खारट खायचं नाही असं सांगितलंय, बीपी वाढतंय. ती रोज दोन चीज स्लाइस पोळीला लावून खाते. ते मुरलेलं का ताजं? आणि चक्का चालेल का?

शिरीष
स्लाइस म्हणजे चेडारच. चालेल.

हेमांगी
शिरीष, स्लाइस चेडारपासून केलेलं असलं तरी चेडार नव्हे. ते प्रोसेस्ड. चीज वितळवून त्यात सोडियमची लवणं घालतात, कधी दुधाची पावडरही घालतात, मग थोडं लॅक्टोज परत येतं. वंदनाताई, लिस्टेरियाची भीती त्यात कमी, कारण ते चांगलं तापवलेलं असतं. प्रश्न मिठाचा. वेष्टनावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ. समजा शंभर ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि स्लाइस वीस ग्रॅमची आहे. एका स्लाइसला २४० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सहा दशांश ग्रॅम मीठ. दोनचं झालं सव्वा ग्रॅमच्या जवळ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यातला जवळजवळ पाव भाग दोन स्लाइसनीच गेला. किती चालेल ते तिच्या डॉक्टरांना विचारा, मात्र वेष्टन सोबत न्या. चक्का पाश्चरायझ केलेल्या दुधाचा असेल तर हरकत नाही, त्यात मीठही नसतं.

गंधार
पण 'ताजं म्हणजे अळणी' हेही खरं नाही ना? फेटा मऊ असतं, तरी जीभ चरचरते.

हेमांगी
बरोबर. ते खाऱ्या पाण्यातच ठेवतात. उलट एमेंटाल, ते मोठ्या भोकांचं, मुरलेलं असून चेडारपेक्षा बरंच कमी खारट. सईचं 'मुरलेल्यात मीठ जास्त' हे वाक्यही 'बहुधा' लावूनच छापायला हवं.

वंदनाताई
मग पनीर तर बिनमिठाचं. ते देते रोज.

हेमांगी
द्या, पण कुठलं ते बघा. दूध उकळलं तेव्हा जंतू मेले. पुढे सुरी, कापड, ज्या पाण्यात ते बुडवून ठेवतात ते पाणी, तिथून परत येऊ शकतात. पनीरमध्ये ना मीठ, ना फारसं आम्ल, आणि पाणी भरपूर, म्हणजे अडवायला काहीच नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियात मेक्सिकन पद्धतीच्या अशाच ताज्या चीजमुळे लिस्टेरियाची मोठी साथ आली होती, बळी पडल्या त्यांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं सर्वांत जास्त. सुट्टं पनीर कच्चं चाखायला देऊ नका, भाजीत खदखदू द्या. आणि असं काही खाण्यात आल्यावर ताप, अंगदुखी वाटली तर डॉक्टरांना खाल्लेलं सांगायचं, कारण लक्षणं कधी कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात. आईला साधा ताप वाटतो, बाळाला मात्र जिवावर बेतू शकतं.

सई
मसुदा: 'पाश्चरायझ केलेल्या दुधाचे घट्ट चीज चालते. बुरशीचे मऊ चीज (ब्री, कॅमाँबेर) व मऊ निळे चीज न तापवता खाऊ नये. कच्च्या दुधाचे ताजे चीज खाऊ नये. सुटे पनीर शिजवूनच खावे. मिठावर बंधन असल्यास वेष्टनावरील सोडियम पाहावे.' 'एज्ड' कुठेच आलं नाही.

शिरीष
'बुरशीचे' लिहिलंत तर लोकांना वाटेल नासलेलं. कुणी खाणारच नाही.

हेमांगी
गरोदर बायकांनी नाहीच खाल्लं तर बरं.

बापू
'चालते' हे पत्रकात शोभत नाही. 'खाण्यास हरकत नाही' हवं. आणि 'किलाट'वर अजून कुणी बोललेलंच नाही.